मामांच्या नावाचे साठ हजार

गेल्या वर्षी 10 मार्चला सकाळी साडेअकराच्या सुमारास सांगलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात माझे मामा बिलाच्या खिडकीशी उभे होते. मामींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, बिल होतं 48,000 रुपये. मामांनी खिशातून क्रेडिट कार्ड काढून दिलं. खिडकीतल्या मुलाने ते मशीनला लावलं, परत लावलं आणि म्हणाला, "आजोबा, डिक्लाइन होतंय."

कार्डावर मामांचं नाव होतं, पण ते त्यांच्या मुलीच्या, म्हणजे माझ्या पुण्यातल्या मामेबहिणीच्या कार्डाचं अ‍ॅड-ऑन, म्हणजे तिच्याच खात्यावरचं जोडकार्ड होतं. तिने दीड वर्षापूर्वी ते काढून देताना सांगितलं होतं, "बाबा, तुमच्यासाठी साठ हजार ठेवलेत." मामांनी हे शब्दशः घेतलं. एसटीत हयात काढलेला माणूस. कोणी पैसे ठेवलेत म्हणालं की ते ठेवलेलेच असतात, असं धरून चालणारा. त्या महिन्यात त्यांनी औषधांचे 5,500 सोडले तर कार्ड वापरलं नव्हतं. त्यांच्या हिशोबाने 54,500 शिल्लक होते आणि बिल 48,000चं. मग अडलं कुठे?

मी लोकांची आयकराची विवरणपत्रं भरतो, त्यामुळे घरात पैशाचं काही अडलं की फोन मला येतो. त्या दिवशीही आला. पुढचे दोन महिने या एका कार्डाचे कागद मी इतक्या वेळा पाहिले की हे प्रकरण एकदा लिहून काढावंसं वाटलं. दोघांच्या परवानगीने लिहितोय. बँकेचं नाव देत नाही, कारण यात बँकेने नियमाबाहेर काही केलं नव्हतं.

आधी मांडणी. बहिणीच्या क्रेडिट कार्ड खात्याची मर्यादा 3,00,000 रुपये. त्यावर तीन कार्डं: एक तिचं मूळ कार्ड, एक तिच्या नवऱ्याचं अ‍ॅड-ऑन आणि एक मामांचं. मामांच्या कार्डाला 60,000ची उपमर्यादा घातलेली. नवऱ्याच्या कार्डाला काहीच नाही, कारण "नवऱ्याला कसली मर्यादा घालायची," असं तिचं म्हणणं. बिल दर महिन्याच्या 12 तारखेला निघतं आणि पुढच्या 1 तारखेपर्यंत भरायचं असतं.

फेब्रुवारीचं बिल तिने पूर्ण भरलेलं होतं. 13 फेब्रुवारीपासून 10 मार्चपर्यंतचा खर्च असा: नवऱ्याने लॅपटॉप घेतला 1,14,000चा, बारा हप्त्यांवर. शिवाय त्याने गाडीचे टायर आणि विमा मिळून 46,000 खर्च केले. तिने स्वतःच्या कार्डावर मुलीची शाळेची फी आणि घरखर्च मिळून 92,000. मामांची औषधं 5,500. बेरीज 2,57,500. म्हणजे अख्ख्या खात्यात उरले होते 42,500, आणि दवाखान्याला हवे होते 48,000.

या प्रकरणाची सगळी मेख इथे आहे. अ‍ॅड-ऑन कार्डाला वेगळी मर्यादा मिळत नाही. तिन्ही कार्डं एकाच टाकीतून पाणी घेतात. उपमर्यादा म्हणजे एका नळाला लावलेली चावी: त्या नळातून जास्तीत जास्त किती पाणी सुटेल एवढंच ती ठरवते. टाकीत तेवढं पाणी त्या नळासाठी राखून ठेवत नाही. मशीनवर कार्ड लागलं की बँकेची यंत्रणा दोन आकडे बघते, त्या कार्डाच्या उपमर्यादेत काय उरलंय आणि अख्ख्या खात्यात काय उरलंय. दोन्हींत जो लहान तो खरा. मामांच्या बाबतीत ते होते 54,500 आणि 42,500. कार्ड नाकारलं गेलं ते दुसऱ्या आकड्यामुळे, आणि तो मामांना दिसण्याची काही सोयच नव्हती. बँकेचं अ‍ॅप मुलीच्या फोनवर, व्यवहार नाकारल्याचा मेसेजही तिच्याच फोनवर. ती तेव्हा मीटिंगमध्ये होती.

लॅपटॉपचा हप्ता इथे जास्त फसवतो. तिला वाटत होतं की लॅपटॉप हप्त्यावर घेतला म्हणजे महिन्याला दहा हजारांचाच बोजा. बिलापुरतं ते खरं आहे. मर्यादेपुरतं नाही. हप्ते पाडले तरी मुद्दलाची पूर्ण रक्कम, म्हणजे 1,14,000, पहिल्या दिवसापासून मर्यादेतून अडकते आणि हप्ता फिटेल तसतशी मोकळी होते. या हिशोबात महिन्याला साधारण नऊ हजारांनी. म्हणजे नवऱ्याच्या एका खरेदीने खात्याची तीन लाखांची मर्यादा पुढचे कित्येक महिने दोन लाखांच्या आसपास आणून ठेवली होती, आणि हे तिघांपैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

मी तिला फोनवर म्हटलं, "आत्ताच्या आत्ता कार्डात दहा हजार भर."

"अरे दादा, पण बिल अजून निघालंच नाहीये."

"बिलाची वाट बघावी लागत नाही. भरलेस की तेवढी जागा मोकळी होते."

तिने यूपीआयने 10,000 भरले. काही मिनिटांत उपलब्ध मर्यादा 52,500 दिसायला लागली आणि कार्ड चाललं. आमचं नशीब की पैसे लगेच जमा झाले. चेकने भरले असते तर तो वटेपर्यंत थांबावं लागलं असतं. दुसरा मार्गही होता: 40,000 कार्डावर आणि 8,000 मामांच्या बचत खात्यातून. दवाखाने अशी फोड करून देतात. पण मामा त्या खिडकीशी इतके ओशाळले होते की त्यांना ते सुचणं शक्य नव्हतं. "मागची माणसं बघत होती रे," एवढंच ते मला नंतर म्हणाले.

इथवर मर्यादेचं झालं. खरी भांडणं पुढे झाली.

12 मार्चला बिल आलं. लॅपटॉपची रक्कम हप्त्यांत गेल्यामुळे ती वगळून बाकीचा खर्च 1,91,500. त्यातून आधी भरलेले 10,000 वजा, म्हणजे 1,81,500. त्यात लॅपटॉपचा पहिला हप्ता, व्याजावरच्या जीएसटीसह साधारण 10,500. एकूण 1,92,000 रुपये, 1 एप्रिलपर्यंत.

नवरा-बायकोत समजूत अशी की ज्याचा खर्च त्याने भरायचा. मामांचं ती भरणार. त्यामुळे नवऱ्याच्या वाट्याचे 56,500 वगळून तिने 28 मार्चला 1,35,500 भरले आणि तिच्या लेखी विषय संपला. नवऱ्याचा छोटा छपाईचा व्यवसाय. मार्चअखेरीला त्याचे पैसे एका गिऱ्हाइकाकडे अडकले. त्याने 56,500 भरले ते 20 एप्रिलला.

उशीर झाला म्हणून विलंबशुल्क लागेल, क्रेडिट स्कोअर पडेल, अशी तिला धास्ती होती. तसं झालं नाही. बिलावरची किमान देय रक्कम साधारण 19,600 होती (या बँकेत हप्ता पूर्ण आणि बाकीच्या पाच टक्के असं सूत्र आहे) आणि तिने त्याच्या सातपट भरलेले होते. त्यामुळे खातं थकीत धरलं गेलं नाही. पण जे झालं ते तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. एकूण देय रकमेतला एक रुपया जरी मागे राहिला तरी बिनव्याजी मुदत जाते, आणि ती अख्ख्या खात्याची जाते. नवऱ्याने त्याच्या कार्डाचे पैसे थकवले म्हणून फक्त त्याच्या खरेदीची सवलत गेली, असं होत नाही.

व्याज दरमहा 3.5 टक्के, म्हणजे वर्षाचे 42 टक्के. थकलेल्या 56,500वर ते 1 एप्रिलपासून नव्हे, खरेदीच्या तारखेपासून लागतं. सरासरी पन्नास दिवस धरले तर 3,250 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी 585. शिवाय 12 मार्चनंतर तिने स्वतःच्या कार्डावर केलेल्या किराणा-पेट्रोलच्या 30,000वरही पहिल्या दिवसापासून व्याज चालू झालं. वीसेक दिवसांचं साधारण 690. ही बिनव्याजी असायला हवीत असं समजून केलेली खरेदी होती. माझा हा हिशोब ढोबळ आहे. बँक नेमकं कसं मोजते त्याचं उदाहरण तिच्या अटींच्या कागदात दिलेलं असतं, आणि ते एकदा तरी वाचावं. बिलावरचा आकडा माझ्यापेक्षा थोडा जास्तच निघाला.

तिने बँकेला फोन लावला. म्हणणं साधं होतं: माझा वाटा मी वेळेत भरलाय, उशीर दुसऱ्या कार्डाचा आहे, त्या कार्डावर नाव माझ्या नवऱ्याचं आहे, व्याज त्याच्याकडून घ्या. पलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे तुमचं एकच खातं आहे." बिलात प्रत्येक कार्डाचे व्यवहार त्या त्या कार्डाच्या क्रमांकाखाली वेगळे छापलेले असतात, म्हणून खाती वेगळी असल्याचा भास होतो. ती सोय फक्त वाचणाऱ्यासाठी आहे. वसुलीसाठी एकच ग्राहक.

रिझर्व्ह बँकेने 2022 साली क्रेडिट आणि डेबिट कार्डांबद्दल जे निर्देश काढले त्यात हे स्पष्ट आहे. मूळ कार्डधारकाने ज्याचं नाव दिलं त्यालाच अ‍ॅड-ऑन कार्ड द्यायचं, आणि त्यावरची जबाबदारी मूळ कार्डधारकाची राहील अशी अट घालूनच द्यायचं. यात नवरा, वडील, मुलगा असा भेद नाही. अ‍ॅड-ऑनवाल्याची कमाई बँक तपासत नाही, पतही तपासत नाही. मग वसुली तरी कोणाच्या भरवशावर करणार? मूळ धारकाच्याच. काही बँकांच्या करारात अ‍ॅड-ऑनवाल्याने कोणत्या अटी पाळायच्या तेही लिहिलेलं असतं, तेव्हा सहीपूर्वी ते कलम शोधून वाचायला हरकत नाही. पण मूळ धारकाची मान त्यातून सुटत नाही.

नवऱ्याने यावर एक चोख प्रश्न विचारला. "मग मी दोन वर्षं माझे पैसे वेळेवर भरतोय, त्याचं मला काय मिळालं?" जवळपास काहीच नाही. कर्जखातं तिचं असल्यामुळे वेळेवर भरल्याचा गुण तिच्या पत-इतिहासात गेला. त्याचा स्वतःचा अहवाल काढून पाहिला तर या कार्डाचा त्यात उल्लेखही नव्हता. उलट त्याच्या लॅपटॉपमुळे तिची मर्यादा जवळजवळ पूर्ण वापरली गेली होती, आणि मर्यादेचा इतका मोठा भाग वापरात दिसणं तिच्या स्कोअरला मारक. ती त्याच सुमारास गृहकर्जाच्या टॉप-अपची चौकशी करत होती.

कराच्या बाजूचाही एक मुद्दा मी दोघांच्या कानावर घातला, कारण तो माझ्या धंद्यातला. एका आर्थिक वर्षात क्रेडिट कार्डाची बिलं म्हणून रोखीशिवाय इतर मार्गांनी 10 लाख किंवा त्याहून जास्त भरले गेले, तर बँक ते आयकर खात्याला कळवते. कळवते ते मूळ धारकाच्या पॅनवर. नवऱ्याचा लॅपटॉप, मामींचं ऑपरेशन, सगळं तिच्या खर्चात दिसणार. त्यात गैर काही नाही, पण उद्या विचारणा झाली तर नवऱ्याने त्याचा वाटा भरल्याची नोंद बँकेच्या खात्यात असलेली बरी. तोपर्यंत तो तिला बरेचदा रोख द्यायचा.

जूनपर्यंत आम्ही मांडणी बदलली. नवऱ्याने स्वतःच्या नावावर वेगळं कार्ड घेतलं. विवरणपत्रं भरलेली होती, अडचण आली नाही. त्याचं अ‍ॅड-ऑन तिने बंद केलं. त्याला त्याची सही लागली नाही. देणारी ती, बंद करणारीही ती. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण माझ्याकडे एक विभक्त राहणारं जोडपं आलं होतं ज्यात बायकोला वाटत होतं की नवऱ्याच्या संमतीशिवाय त्याचं कार्ड थांबवता येत नाही, आणि ती आठ महिने त्याची बिलं भरत होती. फक्त एक पथ्य: कार्ड बंद करण्याआधी त्यावर कुठली आपोआप कापली जाणारी वर्गणी किंवा विम्याचा हप्ता लावलाय का ते पाहावं. इथे दोन होत्या. लॅपटॉपचे हप्ते मात्र कार्ड बंद होऊनही तिच्याच खात्यात चालू राहिले. तेही स्वाभाविक, कर्ज खात्यावर आहे, प्लास्टिकच्या तुकड्यावर नाही.

मामांच्या कार्डाचं काय करायचं यावर जास्त वेळ गेला. तिला खरोखरच साठ हजार राखून ठेवायचे होते. अ‍ॅड-ऑनमध्ये तशी सोय नाही. ती राखीव जागा दुसऱ्या बाजूनेच तयार करावी लागते: बाकीच्यांनी मिळून 2,40,000च्या पुढे जायचं नाही. नवरा बाहेर पडल्यावर तो भार एकट्या तिच्यावर आला आणि तिने तो अ‍ॅपमध्ये शिल्लक बघत पाळायचं ठरवलं. उपमर्यादा दर महिन्याला नव्याने भरते की जुनं बिल फिटल्यावरच, हे बँकेगणिक वेगळं असतं; तिच्या बँकेत बिल फिटल्यावर. म्हणजे ऑपरेशननंतर बिल भरेपर्यंत मामांच्या कार्डात 6,500च उरले होते, टाकीत कितीही असते तरी.

मी दुसरा पर्याय सुचवला होता, मामांच्या नावाने मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड. ठेवीच्या साधारण 75 ते 100 टक्के मर्यादा मिळते, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जबाबदारी त्यांची आणि मर्यादाही खरोखर त्यांची. मुलीवर काही बेतलं तरी ते कार्ड चालू राहतं. अ‍ॅड-ऑनचं तसं नाही. मूळ धारक गेला की त्याच दिवशी अ‍ॅड-ऑन वापरणं थांबवायचं असतं. बाकी रक्कम बँक त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून मागू शकते, वारसाच्या स्वतःच्या कमाईतून नाही. हे मामांसमोर बोलायला मला जड गेलं. पण त्यांनीच विचारलं होतं. ठेव अडकवायची नाही, असं म्हणून त्यांनी तो पर्याय नाकारला.

मग अ‍ॅड-ऑनच ठेवलं, पण आवळून. अ‍ॅपमधून मामांच्या कार्डाचे परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बंद केले. एटीएममधून रोख काढणं बंद, कारण त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर शुल्क. पिनशिवाय नुसतं टेकवून 5,000पर्यंत जाणारे व्यवहारही बंद. हे शेवटचं मामांच्या पाकीट विसरण्याच्या सवयीमुळे. कार्ड हरवलं आणि कोणी दुकानात टेकवत सुटलं तर फटका मुलीला. आणि ओटीपी. तो तिच्या फोनवर येतो, त्यामुळे मामांना आलेल्या एखाद्या बनावट फोनला मामा भुलले तरी ओटीपी मागायला त्यांना मुलीलाच फोन करावा लागतो. ती एक आपसूक मिळालेली चाळणी आहे. मात्र कशासाठी हवाय हे न विचारता तिने तो सांगितला, तर रिझर्व्ह बँकेच्या 2017च्या परिपत्रकाप्रमाणे तो ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरतो आणि बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तिचं. "बाबांनी मागितला म्हणून दिला" हे उत्तर तिथे चालत नाही.

ऑगस्टमध्ये मामींच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. आदल्या रात्री बहिणीने अ‍ॅप उघडून उपलब्ध मर्यादेचा फोटो मामांना पाठवला: 1,38,000. मामा तरीही सकाळी बँकेत जाऊन पन्नास हजार रोख काढून घेऊन गेले. खिडकीशी त्यांनी आधी कार्ड दिलं, ते चाललं, आणि नोटा तशाच परत आणून कपाटात ठेवल्या.